पाणी जावे, वास राहावा

तुळस, जास्वंद आणि गवती चहा एकाच सुपात पसरून गच्चीवर उन्हात ठेवलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. संध्याकाळी सूप खाली येते, पाने हाताला कुरकुरीत लागतात, बरणी भरली जाते आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. दोन महिन्यांनी त्याच पानांचा काढा केला, तर त्याला गंजीतील कडब्यासारखा वास येतो. मग दोष कधी रोपाला दिला जातो, कधी कुंडीतील मातीला, तर कधी नळाच्या पाण्याला. माझ्या अनुभवाने सांगते, यांपैकी कोणाचाच दोष नसतो. या तीन वनस्पती आपली चव तीन वेगवेगळ्या जागी जपून ठेवतात. एकीला मानवणारे वाळवणे दुसरीला मानवत नाही, एवढीच गोष्ट आहे.

आमचे घर चिंचवडला आहे. नटबोल्ट आणि हत्यारांचे दुकान भोसरीत, आणि पुतण्याचा पत्र्याच्या पेट्या तयार करण्याचा लहानसा कारखाना चाकणला. सासूबाईंनी दुधाचा चहा सोडून पुष्कळ वर्षे झाली. त्यांचा चौविहार असतो आणि सूर्यास्तापूर्वी पेलाभर गरम काढा हे त्यांच्या दिवसातील शेवटचे पेय. तिथीला आणि चातुर्मासात त्या हिरवे पान घेत नाहीत. आधी वाळवून ठेवलेले मात्र आमच्या घरच्या नियमात बसते. प्रत्येक कुटुंबाचा नियम निराळा असतो, त्यात मी शिरत नाही. आमच्यापुरते एवढेच, की आषाढापासून कार्तिकापर्यंत त्यांचा पेला बरणीवर अवलंबून असतो, आणि हेच चार महिने आपल्याकडील हवा सर्वांत दमट असते. बरणीच्या तळाशी पांढुरकी बुरशी दिसली की ती बरणी त्यांच्या दृष्टीने संपली. बुरशी म्हणजे अनंतकाय. वरची पाने चांगली आहेत म्हणून ती निवडून घ्यावीत, हा विचारसुद्धा त्यांना चालत नाही. म्हणून वाळवण हा आमच्याकडे हौसेचा विषय राहिला नाही.

आधी तुळशीचे सांगते. तुळशीच्या पानावर बारीक लव असते आणि त्या लवेच्या मधून मधून तेलाचे अतिसूक्ष्म थेंब साठविणाऱ्या ग्रंथी असतात. दुकानात हत्यारांची धार पाहण्यासाठी दहापट मोठे दाखविणारे भिंग असते. ते पानाच्या खालच्या बाजूवर धरले, की या ग्रंथी चमकदार ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतील तेलात युजेनॉल हा पदार्थ बऱ्याच प्रमाणात असतो. लवंगेचा वासही त्याच्याचमुळे असतो, आणि म्हणूनच तुळशीचे पान चावल्यावर लवंगेची आठवण होते. हे सगळे धन पानाच्या पृष्ठभागावर, नाजूक पापुद्र्याखाली ठेवलेले असते. पान चोळले, दाबले, पिशवीत कोंबले की पापुद्रा फुटतो. तुळशीच्या रोपाला हात लावताच वास येतो तो याच कारणाने. तो आला म्हणजे तेवढे तेल निघून गेले.

यावरून तुळशीचे नियम आपोआप ठरतात. सकाळी दव उडून गेल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, डहाळ्या कात्रीने कापाव्यात. पाने ओरबाडू नयेत. उजेडात प्रत्येक डहाळी उलटसुलट करून किडा-मुंगी पाहावी, आणि जीव असेल तर त्याला रोपाजवळच हलके उतरवून ठेवावे. मंजिऱ्या नुकत्या दिसू लागल्या असताना पाने सर्वांत वासाची असतात; मंजिऱ्या वाळून बी धरले की पानांतला जोर ओसरतो. धुणे आवश्यक असेल तर डहाळीसकट, गाळलेल्या पाण्यातून एकदाच काढावे, झटकावे आणि पंख्याखाली पाणी पूर्ण उडू द्यावे. त्यानंतर देठावरून पाने अखंड काढून एकेरी थरात पसरावीत. अखंड हा शब्द महत्त्वाचा आहे. कापलेली तुळस लवकर वाळते हे खरे, पण कापलेल्या कडा काळ्या पडतात.

तुळस काळी पडण्याची तक्रार मी सर्वांत अधिक ऐकते, आणि तिची दोन कारणे लोक एकच समजतात. ओली पाने ढिगाने राहिली किंवा फार हळू वाळली, तर दुखावलेल्या पेशींतील रस हवेशी मिळून काळा पडतो. कापून ठेवलेले वांगे काळे पडते तसेच. अशा पानांना कोंदट वास येतो. उन्हाने बिघडलेली पाने मात्र काळी होत नाहीत. ती खाकी, फिकट होतात आणि त्यांना गवताचा कोरडा वास येतो. पहिल्या दोषावर उपाय म्हणजे थर पातळ करणे आणि हवा खेळती ठेवणे, दुसऱ्यावर सावली. कारण न ओळखता उपाय केला, तर काळ्या पानांना आणखी ऊन दाखविले जाते आणि दोन्ही दोष एकाच बरणीत जमतात.

गवती चहाची गोष्ट उलट आहे. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा, आणि ते पानाच्या आत, पेशींमध्ये बंद असते. म्हणून उभे पान हुंगले तर फारसा वास येत नाही, मोडले की येतो. अखंड पातीला बाहेरचे कवच असल्याने ती थोडी दमदार असते. मात्र जेथे कात्री लागते, तेथून वास निसटू लागतो. बाजारात मिळणारा वाळका गवती चहा बहुधा नखाएवढ्या तुकड्यांचा असतो. दिसायला सुबक असला तरी प्रत्येक तुकड्याला दोन उघडी तोंडे असतात. मी पाती चार-चार बोटांच्या ठेवते आणि काढा करण्याच्या वेळी आणखी बारीक करते. पण इथे एक अडचण येते. पातीचा पातळ भाग वाळतो, तेव्हा खालचा जाड, पांढुरका भाग आतून ओला असतो. तो तसाच बरणीत गेला, तर त्याचे पाणी हळूहळू सर्व पानांत पसरते, आणि बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. म्हणून जाड बुडखे वेगळे काढावेत, उभे चिरावेत आणि वेगळ्या ताटलीत वाळवावेत. किंवा ताजेच वापरून टाकावेत, तेच सोपे. सिट्रलला उजेड आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. नीट वाळविलेला गवती चहासुद्धा काचेच्या बरणीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवला, तर दोन महिन्यांत त्याचा लिंबाचा सूर जातो आणि नुसते गवत उरते.

जास्वंदीबद्दल थोडक्यात. तिच्या पानांत वास नाही, बुळबुळीतपणा आहे. पाने वाळवून काढ्यात घातली तर पेला चिकट होतो. केसांसाठी ती पाने उपयोगी पडतात, पेयासाठी पाकळ्या. आणखी एक घोटाळा दूर करायला हवा. बाजारात हिबिस्कस टी म्हणून जो आंबट, गडद लाल माल येतो, तो बहुतेक वेळा आपल्या दारातील जास्वंद नसतो. तो लाल अंबाडीच्या बोंडावरील मांसल आवरणाचा असतो. जास्वंदीची पाकळी आंबट नसते. तिच्याकडून रंग घ्यायचा असतो, आणि तो रंग हीच तिची परीक्षा. पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की जांभळट रंग उतरतो. त्यात लिंबाचे दोन थेंब पडले की तो लख्ख गुलाबी-लाल होतो. लिंबू पिळूनही पाणी तपकिरीच राहिले, तर त्या पाकळ्या वाळताना वाया गेल्या असे समजावे. फूल सकाळी उमललेलेच घ्यावे, संध्याकाळी मिटलेले नव्हे. देठाचा हिरवा भाग आणि मधला केसर काढून टाकावा, आणि पाकळ्यांच्या बुडाशी बारीक मुंग्या असतात त्या पाहाव्यात.

आता जागेचा प्रश्न. आपल्या पट्ट्यात गच्ची ही वाळवणाची नैसर्गिक जागा वाटते, पण मी ती सोडली आहे. भोसरीत दुकानाच्या वरच्या गच्चीवर एकदा शेजारणीने पाने दोन दिवस पसरली होती. पुतण्याने सहज त्यांच्यावरून लोहचुंबक फिरविला, तर त्याला काळी बारीक पूड चिकटली. आसपास लोखंड घासण्याची कामे चालतात. ती पूड हवेत असणारच. वरून पातळ कापड घातले तरी धूळ चाळून आत येते, आणि जाड कापड घातले तर हवा अडते. शिवाय एप्रिलच्या उन्हात गच्चीच्या लादीवर ठेवलेले ताट एवढे तापते की त्याला बोट लावून ठेवता येत नाही. तुळशीला ४० अंशांपर्यंतची ऊब पुरे असते. त्यापुढे पाण्याबरोबर तेलही भराभर निघू लागते. माघ-फाल्गुनात मात्र आपल्याकडची हवा कोरडी असते. तेव्हा घरातच, सावलीच्या खोलीत, जाळीच्या चौकटीवर पाने पसरून पंखा मंद ठेवला, की पाकळ्या दोन-तीन दिवसांत, तुळस तीन-चार दिवसांत आणि गवती चहा चार-पाच दिवसांत वाळतो. चौकटीखालून हवा जाणे आवश्यक आहे. ताटात पसरले, तर खालची बाजू ओली राहते. याहून अधिक काही लागत नाही, आणि शक्य असेल त्यांनी वर्षाचे वाळवण तेव्हाच उरकावे.

आमच्याकडे ते नेहमी पुरत नाही. पाहुणे येतात, बरणी लवकर रिती होते, आणि मृग नक्षत्राच्या पावसाने कुंडीतील तुळस तरारून वाढते. चातुर्मास बसण्यापूर्वीच्या त्या पंधरवड्यात पुन्हा वाळवावे लागते, आणि तेव्हा पंखा कामाचा नसतो. हे मी पुतण्याला सांगत होते, तेव्हा तो म्हणाला, “काकू, पंखा हवा हलवतो, कोरडी करत नाही. हवेतच पाणी भरलेले असेल तर पान तिला पाणी देईल कुठून?” पान आणि भोवतालची हवा यांच्यात ओलाव्याची देवघेव चालते. हवा जेवढी दमट, तेवढा ओलावा पान स्वतःजवळ राखते; पावसाळ्यात दहा दिवस पंख्याखाली ठेवलेले पानही चिवट राहते, कुरकुरीत होत नाही. ओव्हनचा विचार घरातील एकाने मांडला होता. पण साध्या ओव्हनची किमान उष्णताही बहुधा पन्नास-साठ अंशांच्या पुढे असते. शेजारच्या घरी असे केले, तेव्हा जिन्यापर्यंत तुळशीचा घमघमाट सुटला आणि सर्वांनी वाखाणले. मला मात्र वाईट वाटले. घर दरवळले याचा अर्थ पेल्यात यायचे ते जिन्यात गेले.

पुतण्याने उपाय हिशेबाने काढला. हवा तापविली की तिची पाणी धरण्याची ताकद झपाट्याने वाढते. बाहेर २५ अंश उष्णता आणि ८५ टक्के दमटपणा असताना तीच हवा ४० अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहूनही दमटपणा सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. म्हणजे श्रावणातील हवा फाल्गुनातल्यासारखी होते, आणि पान मात्र चाळीसच्या वर जात नाही. त्याने गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, गुडघाभर उंचीची एक पेटी केली. खाली १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, त्यावर पत्र्याची आडवी झाकण, म्हणजे पानांवर सरळ आच आणि उजेड पडू नये. त्यावर स्टीलच्या जाळीचे तीन कप्पे, आणि माथ्याशी संगणकातून काढलेला लहान पंखा, हवा बाहेर फेकणारा. खालच्या छिद्रांवर बारीक जाळी आहे, म्हणजे दिव्याकडे येणारा कीटक आत शिरणार नाही. ही अट सासूबाईंची होती आणि ती योग्यच होती. मधल्या कप्प्यात तापमापक. उष्णता ४० वर जाऊ लागली की पंख्याचा वेग वाढवायचा, ३५ खाली आली की कमी करायचा.

गेल्या आषाढात या पेटीतून निघालेल्या एका घाण्याचा हिशेब दुकानाच्या वहीतच लिहिलेला आहे. देठ काढलेली तुळशीची पाने ५०० ग्रॅम, तीन कप्प्यांत. रात्री नऊला ठेवली. सकाळी सहाला वजन २१० ग्रॅम, पाने अजून लवचिक. वरचा कप्पा खाली आणि खालचा वर केला, कारण तळाची हवा अधिक कोरडी असते. दुपारी बाराला ११० ग्रॅम, तीनला ९८, आणि चारलाही ९८. वजन उतरणे थांबले म्हणजे जाण्याजोगे पाणी गेले. यापुढे पेटी चालविली, तर फक्त वास जातो. पान बोटांत दाबल्यावर चुरा झाला, पण रंग काळपट न होता गडद हिरवाच राहिला. पेटीजवळ उभे राहिल्यावर वास येत होता, शेजारच्या खोलीत येत नव्हता. हा माझा सर्वांत सोपा मापदंड. गवती चहा याच पेटीत ५०० ग्रॅमचा सुमारे १४० ग्रॅम झाला, आणि त्याची पाती दुमडण्याऐवजी तुटू लागली तेव्हा बाहेर काढला. पाकळ्या २०० ग्रॅम घातल्या होत्या, हाती आल्या अवघ्या २४. तिन्ही एकाच वेळी कधीच ठेवले नाहीत. पाकळ्या वाळून कागदासारख्या होतात तेव्हा गवती चहा अर्धाही झालेला नसतो, आणि शिवाय तुळस शेजारच्याला आपला वास देऊन टाकते.

वाळलेले पान लगेच मोठ्या बरणीत घालू नये. हाताला कोरडे लागणारे पान आतूनही कोरडे असते असे नाही. मी प्रत्येक घाणा प्रथम काचेच्या झाकणबंद बरणीत एक दिवस ठेवते. दुसऱ्या दिवशी पाने मऊ पडली, किंवा काचेवर आतून पुसट बाष्प दिसले, तर सगळे पुन्हा दोन तास पेटीत. पुतण्याने यातही भर घातली. खोलीतील दमटपणा दाखविणारे लहानसे मापक बाजारात स्वस्तात मिळते. ते त्याने पानांबरोबर बरणीतच ठेवले. पान आणि आतली कोंडलेली हवा यांचा समतोल झाला, की काटा पानाचाच ओलावा सांगतो. ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर निर्धास्त. ६० च्या वर असेल तर पुन्हा वाळवायचे, कारण ६५-७०च्या पुढे बुरशीला जगता येते. अंदाजाची जागा आकड्याने घेतली, याचा सर्वाधिक आनंद सासूबाईंना झाला. त्या रोज सकाळी चष्मा लावून काटा वाचत.

साठविण्यासाठी आता आम्ही घट्ट झाकणाचे स्टीलचे लहान डबे वापरतो. पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून वास बाहेर निसटतो. पिशवी बंद असूनही कपाट उघडल्यावर वास येतो, तो याचा पुरावा. एक मोठा डबा ठेवण्यापेक्षा पंधरा दिवसांपुरते छोटे डबे बरे, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडताना पावसाळी हवा आत जाते. हिंगाच्या किंवा मसाल्याच्या फडताळात ते ठेवू नयेत, आणि पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात तर मुळीच नाही. आमच्याकडची एक पेटी तशी राहिली होती आणि चैत्र संपण्याआधी गवती चहाचा वास गेला. असे जपले तर आमच्या अनुभवाने तुळस आठ-नऊ महिने टिकते, गवती चहा सहा, आणि पाकळ्यांचा रंग चार महिन्यांनंतर उतरू लागतो.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वाळकी तुळस हुंगून पारखू नये. पुडी उघडताच येणारा वास आधीच सुटलेला असतो. चार पाने तळहातावर घेऊन चुरडावीत, मग हुंगावीत. चुरडल्यावर लवंगेसारखा वास जोराने आला, तर तेल अजून पानात आहे. पुडीत पाने कमी आणि काड्या व भुगा अधिक दिसला, तर भाव कितीही उतरवून मिळो, घेऊ नये. भुग्याचा वास केव्हाच उडालेला असतो, आणि काडीचे वजन आपण पानाच्या भावाने देत असतो.

काढ्याला सासूबाईंसाठी एका पेल्याला तुळशीची वाळकी दहा-बारा पाने आणि गवती चहाच्या दोन पाती पुरतात. पाने वाळून साधारण पाचवा भाग राहिलेली असतात, म्हणून ताज्याच्या मापाने घातली तर काढा कडवट होतो. आधी पाणी उकळावे, त्यात गवती चहा घालून झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे मंद आचेवर राहू द्यावा. त्याचा वास आत दडलेला असल्याने त्याला थोडी आच लागते. मग गॅस बंद करून तुळस घालावी आणि लगेच झाकावे. तुळस उकळायची नाही. पाच-सात मिनिटांनी गाळून घ्यावे. पाकळ्या घालायच्या असतील तर सर्वांत शेवटी, गाळलेल्या काढ्यात, आणि रंग उतरताच काढून टाकाव्यात. झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतात. ते पुसून टाकू नयेत. झाकण तिरपे करून पेल्यात ओतावेत, वाफेबरोबर निघालेले तेल त्या थेंबांतही असते.